गाण्यातून पात्राची लपवलेली इच्छा कशी बाहेर काढायची: एक प्रवेश, एक गाणं, पायरीपायरीने

संगीत नाटक पहिल्यांदा लिहायला घेतलं की बहुतेकांचं एकाच जागी अडतं. संवाद जमतात, गाणीही सुटी सुटी बरी होतात, पण प्रवेशात गाणं आलं की नाटक थांबतं, गाणं संपलं की परत सुरू होतं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात पण गोष्ट होती तिथेच असते. मी स्वतः हे लिहिणं तालमींमध्ये बसून, नटांच्या तोंडून ऐकून ऐकून शिकलो, त्यामुळे इथे सगळ्या प्रकारच्या गाण्यांबद्दल न बोलता एकाच प्रकाराबद्दल बोलतो. पात्राच्या मनात एक इच्छा आहे, ती त्याने कुणाला सांगितलेली नाही, गाण्यात ती बाहेर येते आणि त्यामुळे गोष्ट वळते, असा प्रवेश. एक उदाहरण घेऊ आणि तेच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधू.

आधी काय काय जवळ ठेवायचं

- वही आणि पेन्सिल (खोडरबरासकट, कारण मात्रा मोजताना खाडाखोड होतेच)
- मोबाईलमधला रेकॉर्डर
- मेट्रोनोम किंवा तबल्याच्या ठेक्याचं कुठलंही ॲप
- पूर्ण नाटकाची एका पानाची गोष्ट, म्हणजे या प्रवेशाच्या आधी काय झालं आणि नंतर काय होणार
- मोठ्याने वाचून दाखवणारा एक माणूस, ज्याला तुमची गोष्ट माहीत नाही

शेवटचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा, तो आत्ताच हेरून ठेवा. नाटकातलाच कुणी असेल तर उपयोग नाही, कारण त्याला इच्छा आधीच ठाऊक असते.

१. गाण्याच्या आधी आणि नंतर काय, हे दोन वाक्यांत लिहा

गाण्याला हात लावायच्या आधी वहीत दोन वाक्यं लिहायची. एक, गाणं सुरू होताना परिस्थिती काय आहे. दुसरं, गाणं संपताना काय आहे. आणि दुसऱ्या वाक्यात भावना लिहायची नाही, घडलेली गोष्ट लिहायची. "तिला कळलं की ती दुःखी आहे" हे चालणार नाही. कोण काय करतं, कुठली वस्तू कुणाकडे जाते, कोण काय ऐकतं, असं काहीतरी हवं जे परत पुसता येणार नाही.

आपलं उदाहरण असं आहे. सुमन आणि विनय ही बहीण-भाऊ, आईवडील नाहीत, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दोघं चालवतात. दूरच्या बंदराच्या शहरात काका आहेत, त्यांनी पत्र पाठवलं की माझ्याकडे एकाची सोय होईल, दोघांपैकी कुणा एकाला पाठवा. घरात कुणी चर्चाच केली नाही, सुमनने परस्पर उत्तर लिहिलं की विनयला पाठवते. उद्या सकाळी सहाची गाडी आहे. आज रात्री बॅग भरायची आहे.

- गाण्याआधी: बॅग विनयची आहे, जाणार विनय आहे, आणि हे सुमननेच ठरवलंय.
- गाण्यानंतर: बॅग सुमनची झालीय, दुकानाची किल्ली विनयच्या हातात आहे.

दुसरं वाक्य बघा, त्यात "तिला जायचं होतं" असं कुठेच म्हटलेलं नाही, पण ते घडलेलं वाचल्यावर इच्छा काय होती ते आपोआप कळतं. तुमची दोन वाक्यं अशी जमत नसतील तर गाणं लिहू नका, प्रवेश बदला. इथे वेळ गेला तरी चालतो, कारण पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

२. इच्छा का लपवलीय, याचं कारण पक्कं करा

नवीन लिहिणारे इच्छा ठरवतात पण ती लपवण्याचं कारण ठरवत नाहीत. मग नट विचारतो की हिला जायचं होतं तर ही सरळ बोलली का नाही, आणि आपल्याकडे "लाजाळू आहे" एवढंच उत्तर असतं. लाजाळूपणावर गाणं उभं राहत नाही, कारण लाजाळू माणूस गाण्यातही लाजेल की!

कारण असं पाहिजे की बोललं तर तिला काहीतरी गमवावं लागेल. सुमनने स्वतः पत्र लिहून विनयचं नाव दिलंय. आता "मला जायचंय" म्हणणं म्हणजे धाकट्या भावाच्या तोंडचा घास काढून घेणं, तेही स्वतःच दिलेला. इतकी वर्षं ती त्याला सांभाळणारी ताई आहे, ते एका वाक्यात मोडेल. म्हणून ती बोलू शकत नाही. आणि बोलू शकत नाही म्हणूनच गाणं लागतं.

दुसऱ्या बाजूलाही थोडं काहीतरी ठेवा. विनयला जायचंय का? आपल्या प्रवेशात नाही, त्याला दुकान आवडतं, पण ताईने एवढं ठरवलंय तर नाही कसं म्हणायचं म्हणून तो गप्प आहे. ही दुसरी लपवलेली गोष्ट गाण्यात आणायची नाही, ती संवादात नुसती दिसू द्यायची. एका गाण्यात दोघांच्या इच्छा कोंबल्या की दोन्ही पातळ होतात.

३. गाणाऱ्याच्या हाताला काम द्या

मला विचाराल तर या सगळ्या लेखातली ही पायरी सगळ्यात जास्त उपयोगी आहे. पात्र रंगमंचाच्या मधोमध उभं राहून प्रेक्षकांकडे बघत इच्छा गायला लागलं की इच्छा लपलेली राहतच नाही, पहिल्या ओळीतच उघडी पडते आणि मग उरलेली तीन मिनिटं तेच तेच सांगण्यात जातात. पण पात्र काही काम करत असेल तर गाणं त्या कामाबद्दल सुरू होतं, आणि इच्छा कामाच्या फटीतून डोकावते.

काम निवडताना तीन गोष्टी बघा. त्याला सुरुवात आणि शेवट पाहिजे, ते समोरच्या माणसासाठी केलेलं पाहिजे, आणि ते चुकीच्या दिशेला वळवता आलं पाहिजे. बॅग भरणं यात नेमकं बसतं. एकेक वस्तू आत जाते, बॅग दुसऱ्याची असते, आणि मधेच कुणी स्वतःची वस्तू आत टाकली तर एक शब्द न बोलता सगळं कळतं. पत्र लिहिणं, ताटं मांडणं, नाव बदलून पाटी रंगवणं, कुणाचे तरी केस विंचरणं, अशी कामंही चालतील. नुसतं खिडकीबाहेर बघणं हे काम नाही!

काम ठरलं की वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा की ती आत जाते की बाहेर येते. आपली यादी: स्वेटर, सुईदोरा, पांघरूण (आत), जुना नकाशा (आत), घड्याळजीचा चिमटा (बाहेर), सुमनची शाल (आत), दुकानाची किल्ली (विनयच्या हातात). ही यादीच पुढे रंगमंचावरच्या वस्तू सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याला द्यायची असते, म्हणजे काम दुप्पट होत नाही.

४. गाण्याकडे नेणारा संवाद: फक्त एक पान

गाण्याआधीच्या संवादाने दोनच कामं करायची. गाण्यात जे लागणार आहे ते नजरेस पाडायचं, आणि शेवटच्या वाक्यात गाणाऱ्याला काम सोपवायचं. त्यापुढे एक ओळही नको.

> (विनय टेबलाशी, समोर उघडं घड्याळ. खाटेवर रिकामी बॅग.)
> सुमन: विन्या, गाडी सहाची आहे.
> विनय: हो, एवढं बसवतो नि उठतो.
> सुमन: बॅगेत काय टाकलंस बघू. (बघते) चिमटा? नुसता चिमटा?
> विनय: लागतो मला.
> सुमन: काकांकडे काय घड्याळं दुरुस्त करायचीयत तुला?
> विनय: (मान खाली) तूच भर ना बॅग, ताई. तुला माहितीये काय काय लागतं तिकडे.
> सुमन: मला कसं माहिती असणार, मी कधी गेलेय?
> विनय: तरी तूच भर.

"मी कधी गेलेय" हे वाक्य आत्ता सहज निघून जातं, पण दुसऱ्या कडव्यात त्याचा हिशोब होणार आहे. आणि "तरी तूच भर" नंतर गाणं लगेच सुरू होतं. इथे लोक एक चूक हमखास करतात, गाण्याच्या आधी पात्राला आपली अडचण संवादात सांगायला लावतात आणि मग तीच अडचण गाण्यात येते. गाणं सुरू होईपर्यंत प्रेक्षकाला इच्छा माहीत असेल तर त्या गाण्यात शोधायला काही उरत नाही.

संगीत कुठे सुरू होतं तेही संहितेत लिहून ठेवा. मी साधारणपणे शेवटच्या दोन वाक्यांखाली हळू ठेका सुरू करायला सांगतो, म्हणजे बोलण्यातून गाण्यात जाताना झटका बसत नाही.

५. पालुपद शोधा, ज्याचा अर्थ तीन वेळा सरकेल

आता शब्द. आधी पालुपद, मग बाकीचं. पालुपद त्या कामात माणूस सहज बोलेल असंच पाहिजे, काव्यमय नको. बॅग भरताना आपण काय म्हणतो? "असू दे." आणि या दोन शब्दांत बरंच काही मावतं, राहू दे, चालेल, आणि मला मिळू दे असंही. म्हणून आपण तेच घेतलं.

पालुपदाची परीक्षा अशी: ते तीन वेगळ्या परिस्थितींत मोठ्याने बोलून बघा. शब्द तेच राहून मागणी बदलत असेल तर घ्या. दर वेळी सारखंच वाटत असेल तर तो नुसता नारा आहे, तो गाण्याला पुढे ढकलणार नाही.

आणि एक, शेवटचा स्वर बघा. "असू दे" एकारावर संपतं, तो लांबवता येतो. पालुपद "घट्ट" किंवा "शब्द" असल्या जोडाक्षरावर संपलं तर गायकाला स्वर धरायला जागाच मिळत नाही, आणि चाल लावणारा मग तुमचे शब्द बदलायला मागतो, जे बरोबरच आहे त्याचं.

६. साचा ठरवा आणि मात्रा मोजा

अशा गाण्याला चार भाग पुरतात. तीन कडवी एका चालीची, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे एक वेगळ्या चालीचा तुकडा, ज्यात पालुपद येत नाही. सारखी चाल प्रेक्षकाच्या कानात बसते, त्यामुळे त्या चालीत शब्द बदलले की बदल लगेच ऐकू येतो. आणि मधल्या तुकड्यात पालुपद नसतं म्हणून पात्राला लपायला जागा राहत नाही.

आपण केरवा ताल धरू, ८ मात्रांचा. एक ओळ दोन आवर्तनांची, म्हणजे १६ मात्रा. ऱ्हस्व अक्षराला १, दीर्घाला २, आणि ज्या ऱ्हस्वाच्या मागोमाग जोडाक्षराचा आघात येतो त्यालाही २. "लोकरी स्वेटर" म्हणजे ५ आणि ४, झाल्या ९. "असू दे" च्या ५. एकूण १४, उरलेल्या दोनात "दे" लांबवायचा. ओळी हाताने मोजा, आणि लगेच ठेक्यावर बोलूनही बघा, कारण कागदावर बरोबर आलेली ओळ तोंडात अडखळू शकते.

पहिलं कडवं:

> लोकरी स्वेटर, असू दे,
> सुई अन् दोरा, असू दे,
> थंडी तिकडे लवकर पडते,
> जाड पांघरूण, असू दे.

यात इच्छा अजिबात नाही, एक काळजी घेणारी बहीण आहे एवढंच. पण तिसरी ओळ बघा, हिला कसं माहीत तिकडे थंडी लवकर पडते? ऐकणाऱ्याच्या मनात हा प्रश्न उमटला नाही तरी चालेल, पुढच्या कडव्यात उमटेल.

> जुनाट नकाशा, असू दे,
> त्यावरच्या खुणा, असू दे,
> धक्क्यावरनं डाव्या हाती
> दिव्यांची वाट, असू दे.

आता कळतं की जिथे कधी गेली नाही त्या शहरातली वळणं हिला पाठ आहेत. विनयचं काम इथे थांबतं. या कडव्यानंतर दोन आवर्तनं नुसता ठेका वाजतो आणि त्यावर दोनच वाक्यं बोलली जातात:

> विनय: ताई, हे तुला कसं ठाऊक?
> सुमन: (नकाशा मिटायला जाते, मिटत नाही)

म्हणजे खरं तर एकच वाक्य, उत्तराची जागा रिकामी आहे आणि मधला तुकडा हेच उत्तर आहे. समोरचा माणूस गाण्यात असा सामील पाहिजे. त्याला तीन मिनिटं पुतळ्यासारखं उभं करू नका, त्याच्या एका प्रश्नामुळे गाणं खोल जातं.

७. मधला तुकडा: इथेच कबुली, आणि थोडक्यात

> रात्री शटर खाली ओढून
> बोटानं मी गल्ल्या फिरले,
> कुणी न पुसलं, मी न बोलले,
> पत्रात तुझंच नाव लिहिलं.

चारच ओळी. या ठिकाणी मोह होतो की पूर्वकथा सांगावी, आई कधी गेली, शाळा कशी सुटली, किती रात्री जागून काढल्या. एकही नको. प्रेक्षकाला शटर ओढल्यावर नकाशावर बोट फिरवणारी बाई दिसली की बाकीचं तो स्वतः भरून घेतो. पूर्वकथा गाण्यात आली की गाणं मागे बघायला लागतं आणि आपल्याला ते पुढे न्यायचंय.

यमकाचं इथे मुद्दाम बघा. फिरले, बोलले, आणि मग कानाला "लिहिले" हवं असतं, पण येतं "लिहिलं". माणूस बोलताना असंच म्हणतो, आणि यमक तुटल्यामुळे ती ओळ गाण्यातून निखळून बोलण्यासारखी वाटते. कबुलीच्या ओळीत यमक सोडलेलं बहुतेक वेळा चांगलं. उलट यमकासाठी ओळ फिरवलेली असली की ऐकणाऱ्याला कळतं, पात्राच्या जागी कवी बोलायला लागतो. अशी शंका आली तर ती ओळ यमकाशिवाय बोलून बघा, आणि पात्राने तसं म्हटलं असतं का ते नटाला विचारा, नट अशा बाबतीत फार अचूक असतात.

चालीबद्दल चाल लावणाऱ्याला एवढंच सांगा: कडवी बोलण्याच्या पट्टीजवळ राहू दे, मधला तुकडा वर चढू दे, सगळ्यात वरचा स्वर "बोलले" च्या "बो" वर येऊ दे (ओकार वरच्या स्वरात मोकळा सुटतो), आणि चौथी ओळ परत खाली, जवळजवळ बोलल्यासारखी. पुढचं तो बघेल.

८. शेवटचं कडवं: मागणं नुसतं सांगू नका, करून दाखवा

मधल्या तुकड्यानंतर एक आवर्तन कुणी गात नाही. सुमन बॅगेतून विनयचा चिमटा बाहेर काढते, खुंटीवरची स्वतःची शाल त्या जागी ठेवते. मग:

> तुझा हा चिमटा, असू दे, (टेबलावर त्याच्यापुढे ठेवते)
> हातात किल्ली, असू दे, (देते)
> सहाची गाडी, एक जागा,
> ती एक माझी, असू दे.

पहिल्या दोन ओळींत "असू दे" म्हणजे इथेच राहू दे, शेवटच्या ओळीत ती त्याच्याकडे काहीतरी मागतेय. "मला जायचंय" हे वाक्य अख्ख्या गाण्यात कुठेही नाही हे लक्षात घ्या, तरी शेवटच्या ओळीपर्यंत कुणालाच शंका उरत नाही.

आता तालातली एक बारीक गोष्ट, ती चाल लावणाऱ्याशी बसून करा. प्रत्येक ओळीत पहिले शब्द १ ते ९ मात्रांत बसतात, "अ" दहाव्या मात्रेवर, "सू" अकराव्यावर, आणि "दे" तेराव्या मात्रेवर पडतो, म्हणजे दुसऱ्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेवर. केरव्यात ती खाली, म्हणजे ठेक्यातली हलकी, जोर नसलेली जागा. त्यामुळे पालुपद दर वेळी थोडं अधांतरी राहतं, पक्कं टेकत नाही. शेवटच्या ओळीत मात्र "माझी" नंतर चार मात्रा पूर्ण थांबायचं, मग चौदाव्यावर "अ", पंधराव्यावर "सू", आणि "दे" पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या जोरकस मात्रेवर. सगळ्या गाण्यात पहिल्यांदाच "दे" समेवर येतो. प्रेक्षकातल्या कुणालाही मात्रा मोजता येत नसल्या तरी अंगाला ते जाणवतं, आणि चार मात्रांच्या थांब्यात नटीला विनयकडे बघायला वेळ मिळतो. तालमीत ही जागा नटी लवकर गाते, थांबायला घाबरते, तेव्हा सुरुवातीला मोठ्याने मोजून घ्या.

वेळेचा हिशोबही करून टाका. चार भाग, प्रत्येकी चार ओळी, ओळीला १६ मात्रा, म्हणजे २५६ मात्रा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हे दोन मिनिटं आठ सेकंद होतं. मधला ठेका, शाल ठेवण्याचं आवर्तन, शेवटचा थांबा धरून अडीच मिनिटांच्या आत. एका इच्छेला एवढं बास आहे. चार मिनिटांवर गेलं तर एखादं कडवं तेच परत सांगतंय असं समजा आणि ते काढा, सहसा ते दुसरं असतं.

९. गाण्यानंतरची पहिली तीन वाक्यं

हे लोक विसरतातच. गाणं संपलं, टाळ्या, आणि मग पात्रं असं बोलायला लागतात की जणू गाणं झालंच नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे गाण्यात झालेलं परत संवादात समजावतात ("म्हणजे ताई, तुला जायचं होतं?"). गाण्यानंतरचं पहिलंच वाक्य नव्या परिस्थितीतून आलं पाहिजे आणि त्यात पुढची अडचण पाहिजे.

> विनय: (किल्लीकडे बघत) काका स्टेशनवर माझी वाट बघणार.
> सुमन: बघू देत.
> विनय: त्यांनी तुला परत पाठवलं तर?
> (सुमन बॅगेचं झाकण लावते.)

विनय हो म्हणाला का? शब्दांत नाही, पण त्याचा प्रश्न ती निघाली हे गृहीत धरूनच आलाय. आणि "परत पाठवलं तर" या प्रश्नाने पुढच्या प्रवेशाचं दार उघडलं.

इथे टाळ्या हव्यात की नकोत हे आधीच ठरवा. हव्या असतील तर वाद्यांनी शेवट ठणठणीत करायचा, समेवर सगळे एकत्र. मी या प्रवेशात टाळ्या घेणार नाही, "दे" समेवर आला तरी वाद्यं एक सूर धरून ठेवतील आणि विनय त्या सुरावरच बोलेल, कारण टाळ्या पडल्या की किल्लीवरचं लक्ष उडतं. पण विनोदी नाटकात किंवा अंकाच्या शेवटी मी उलट करीन.

१०. तीन चाचण्या, चाल लागायच्या आधी

पहिली, गाणं काढून प्रवेश वाचा. संवाद थेट "काका स्टेशनवर माझी वाट बघणार" वर आला तर काहीच कळायला नको, किल्ली त्याच्याकडे कशी आली हा प्रश्न पडायला पाहिजे. गाण्याशिवाय प्रवेश नीट कळत असेल तर गाणं शोभेचं आहे, पायरी १ ला परत जा.

दुसरी, शब्द काढून हालचाली करून बघा. कुणीतरी नुसती बॅग भरा, नकाशा, चिमटा, शाल, किल्ली, एकही शब्द नाही. बघणाऱ्याला साधारण गोष्ट कळली पाहिजे. काहीच कळलं नाही तर हाताचं काम आणि गाणं यांची जोडी जमलेली नाही.

तिसरी चाचणी तुम्ही आधी हेरून ठेवलेल्या माणसावर. त्याला पूर्ण प्रवेश वाचून दाखवा, गाणं बोलून, चाल नाही. आणि एकच विचारा, हिला स्वतःला जायचंय हे तुला कुठल्या ओळीला कळलं? "आवडलं का" विचारू नका, त्याचं उत्तर कामाचं नसतं. "धक्क्यावरनं डाव्या हाती" किंवा मधला तुकडा असं सांगितलं तर बरोबर जागी आहात. पहिल्याच कडव्यात कळलं म्हणाला तर सुरुवातीच्या वस्तू जास्त सूचक झाल्यात, त्या साध्या करा. शेवटच्या ओळीला कळलं म्हणाला तर उशीर झालाय, दुसऱ्या कडव्यात एक खूण वाढवा. आणि शेवटपर्यंत कळलंच नाही तर गडबड बहुतेक संवादात असते, "दोघांपैकी कुणा एकाला पाठवा" ही गोष्ट आधीच्या प्रवेशात ठळक आली नसेल, ती तिथे पक्की करा, गाण्यात घुसडू नका.

११. चाल लावणाऱ्याला काय द्यायचं

नुसते गाण्याचे शब्द पाठवू नका. एका कागदावर शब्द, प्रत्येक कडव्याच्या बाजूला त्या वेळी सुमन काय करतेय (एका ओळीत), कुठली वस्तू कुठल्या ओळीला हलते, ठेक्यावर बोलायच्या जागा, आणि शेवटच्या चार मात्रांचा थांबा खुणेने दाखवून. सोबत ठेक्यावर शब्द बोललेलं रेकॉर्डिंग. गुणगुणून स्वतःची चाल पाठवायची असेल तर तसं स्पष्ट लिहा की ही फक्त वजन कळावं म्हणून आहे, नाहीतर तो बिचारा तीच चाल धरून बसतो.

चाल आली की शब्द थोडे बदलतीलच, बदला. फक्त दोन गोष्टींवर अडून राहा: पालुपद, आणि कुठल्या ओळीला कुठली वस्तू हलते. किल्ली एक ओळ आधी दिली गेली तर शेवटच्या ओळीतलं मागणं आधीच मिळून गेलेलं असतं आणि नटीला गायला काही उरत नाही.